‘ययाति’, देवयानीचं पहिलं निवेदन : पुढचं काहीही न फोडता माझं मत

विश्रामबागची_वाचक

या महिन्यात आपल्या गटात वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ चालू आहे आणि रविवारी सकाळी आमराईत बसायचं ठरलंय. त्याआधी एका प्रकरणाबद्दल मनात आहे ते इथे लिहिते. हे सगळं देवयानीचं पहिलं निवेदन संपतं तिथवरचं आहे. कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली होती, पण इथे पुढचं एक अक्षरही येणार नाही. ज्यांचं ययातीचं पहिलं निवेदनच अजून चालू आहे, त्यांनी मात्र ते संपवूनच हा धागा वाचावा.

पान क्रमांक देऊन उपयोग नाही, कारण आपल्या सगळ्यांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत. नुसतं ‘देवयानीचं प्रकरण’ म्हणूनही भागत नाही. निवेदक आलटून पालटून येतात, त्यामुळे तेच नाव पुढे पुन्हा मथळ्यावर दिसतं. म्हणून ‘पहिलं’ हा शब्द प्रत्येकाने लिहावा ही विनंती.

आधी आवडलं ते. तोपर्यंत आपण ययातीच्याच डोळ्यांनी पाहत असतो. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या बायका त्याच्या नजरेतून येतात: कोण मायाळू, कोण मोहात पाडणारी, कोण दूर गेलेली. इतकं लांबलचक एकट्याचं ऐकल्यावर देवयानी ‘मी’ म्हणून बोलायला लागते तेव्हा खोलीची दुसरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. ती कीव मागत नाही हे मला फार आवडलं. आपण शुक्राचार्यांची मुलगी आहोत हे ती क्षणभरही विसरत नाही आणि वाचकालाही विसरू देत नाही.

दुसरं म्हणजे कच. हा माणूस आपल्याला आधी ययातीकडून भेटलाय, अंगिरसांच्या आश्रमातला. ययातीला त्याच्याबद्दल आदर आहे आणि थोडा संकोचही. देवयानी त्याच कचाबद्दल बोलते तेव्हा मोजमापच बदलतं. कोण खरं बोलतंय हे लेखक सांगत नाही. दोन्ही कच शेजारी ठेवून आपणच तोलायचे. या प्रकरणाचं सगळ्यात मोठं बळ मला इथे दिसतं.

आता पटलं नाही ते. आवाज पुरेसा बदललेला नाही. मी वरचं नाव हाताने झाकून मधलाच एक परिच्छेद बहिणीला वाचून दाखवला आणि विचारलं, कोण बोलतंय? ती म्हणाली, ययाति. कादंबरी तिचीही चालू आहे, म्हणजे ती काही अंदाजपंचे बोलली नव्हती. दोघंही उपमेवर उपमा देतात, दोघांच्याही परिच्छेदाच्या शेवटी सुभाषितासारखं एखादं वाक्य येतं. ययातीला ते शोभतं, कारण तो मागे वळून स्वतःचाच झाडा घेतोय. देवयानी मात्र संतापलेली आहे. संतापलेलं माणूस उपमा शोधायला थांबत नाही. राग सजवला गेला की त्याची धार जाते, आणि दोन-तीन ठिकाणी तसं झालंय असं मला वाटतं.

थोडक्यात, प्रकरणाची कल्पना उत्तम, कचाचा भाग फार चांगला, पण भाषा देवयानीची कमी आणि खांडेकरांची जास्त. तुम्हाला आवाजातला फरक जाणवला का? जाणवला असेल तर नेमका कुठे?

गावभागातले_अण्णा

ताई, मत आवडलं. पण हा स्पॉयलरचा एवढा बाऊ कशाला? ही काय रहस्यकथा आहे? ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, पूरू यांची गोष्ट महाभारतातली. आपल्याकडे आजीच्या मांडीवर ऐकलेली.

*(इथल्या तीन ओळी मी नंतर काढल्या. – अण्णा)*

दुसरं म्हणजे स्वतः खांडेकरांनीच पहिल्या परिच्छेदात ययातीच्या तोंडून सांगून टाकलंय की तो आता राजा राहिलेला नाही. लेखकालाच शेवट लपवायचा नाही, तर आपण कशाला लपवायचा? तेव्हा मोकळेपणाने लिहा. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले, त्यांच्या पुस्तकावर आपण असं दबकत बोलायचं म्हणजे मला पटत नाही.

हॉस्टेल_खोली_वरची

अण्णा, मी २००५ नंतर जन्मलेली आहे आणि मला ही गोष्ट खरंच माहीत नव्हती. महाभारत म्हणजे माझ्यासाठी पांडव-कौरव. ययाति त्यांचा पूर्वज आहे हेसुद्धा पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. तुमच्या त्या तीन ओळींमधून मला पुढच्या दोन मोठ्या घटना समजल्या. तुमच्यावर राग नाही, पण पुढचे तीन-चार दिवस मी ज्या उत्सुकतेने वाचणार होते ती गेली.

ताईंच्या लेखाबद्दल: मला फरक जाणवला. ययाति वाचकाला पटवत बसतो. देवयानीला वाटतं की आपण बोललो म्हणजे ते पटलंच पाहिजे. वाक्यांची घडण सारखी असेल, पण त्यामागचा माणूस वेगळा आहे.

गावभागातले_अण्णा

बाळ, त्या ओळी आत्ताच काढल्या. तुझ्या वयाची मुलं ही गोष्ट न ऐकता वाढली असतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तरी मूळ मुद्दा मी सोडत नाही. ज्यांना कथा ठाऊक आहे त्यांच्यासाठी काय लपवायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मिरजेचे_निवृत्त_सर

अण्णांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. लेखकाने जे स्वतः उघडं केलंय ते बोलायला हरकत नाही. ययाति आता राजा नाही हे पहिल्याच पानावरचं वाक्य आहे. ते इथवर वाचलेल्या प्रत्येकाच्या हातात आहे, तेव्हा त्यावर खुशाल चर्चा करा. उलट ते टाळलं तर मत लंगडं पडेल. पण तिथे खांडेकर फक्त ‘काय’ सांगतात. ‘कसं’ आणि ‘का’ हे त्यांनी राखून ठेवलंय, आणि कादंबरी त्यावरच उभी आहे.

आता महाभारताचं. मूळ कथा आदिपर्वात आहे, संभवपर्वात. ती वैशंपायन जनमेजयाला सांगतात. देवयानी तिथेही बोलते, हट्ट करते, बापाकडे गाऱ्हाणं नेते. पण तिथे ती आपल्या मनाची कथा आपण होऊन सांगत नाही, सांगणारा तिसराच असतो. खांडेकरांनी १९५९च्या या कादंबरीत माणसं तीच घेतली आणि बोलायचा अधिकार त्यांच्याकडे दिला. शिवाय मूळ कथेत नसलेली माणसं आणली, काही गोष्टी वेगळ्या रचल्या. त्यामुळे महाभारत पाठ असलेल्या माणसालासुद्धा या कादंबरीत पुढे काय येणार हे ठाऊक नसतं. इथे स्पॉयलर असतो तो ‘मुळात असं आहे पण खांडेकरांनी तसं केलंय’ या वाक्यात. पुराण जाणणाऱ्यांकडून तेच वाक्य सगळ्यात आधी निसटतं, कारण ते अभ्यासू वाटतं. म्हणून मी ‘वेगळ्या रचल्या’ एवढ्यावरच थांबलो, कुठल्या ते लिहिलं नाही.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. लिहून झालं की प्रत्येक वाक्याला विचारतो, फक्त इथवर वाचलेल्या माणसाला हे वाक्य लिहिता आलं असतं का? ताईंचं दोन कचांबद्दलचं निरीक्षण घ्या. ते पूर्णपणे वाचून झालेल्या पानांतून आलेलं आहे. ज्याने पुढचं एकही पान उलटलेलं नाही त्यालाही ते सुचू शकतं. वाक्य पास. कथानक न सांगताही मत किती नेमकं देता येतं ते त्यातून दिसतं.

नाट्यवेडी_मिरज

माझा एक प्रश्न. देवयानीची ती गाजलेली पदं याच प्रकरणात येतात का? मी हे लहानपणी वडिलांबरोबर रंगमंचावर पाहिलंय, अभिषेकीबुवांच्या चाली होत्या. पुस्तक अजून आणलं नाही. पण देवयानीबद्दल ताईंनी जे लिहिलंय ते मला त्या नाटकातल्या देवयानीशी जुळत नाही. आमच्या घरी तर ती पदं रोज लागायची. वडील गेल्यावर तो टेप चालवायला मन होत नाही.

मिरजेचे_निवृत्त_सर

ताई, तुम्ही पाहिलंत ते वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’, १९६६ सालचं संगीत नाटक. ही कादंबरी त्याआधीची आणि निराळी. पदं यात नाहीत. दोन्हींची देवयानी वेगळी आहे, म्हणून नाटकातल्या आठवणी तूर्त बाजूला ठेवा आणि कादंबरी कोऱ्या मनाने वाचा. नाटकावर वेगळा धागा काढलात तर मी नक्की लिहीन. वडिलांबरोबर पाहिलेल्या प्रयोगाबद्दलही वाचायला आवडेल.

विट्याचा_प्रकाश

मी सूत गिरणीच्या पाळीला असतो, रात्रीचं वाचतो. माझं मत थोडक्यात. हे प्रकरण मला लई संथ वाटलं. पण थांबा, त्याचं महत्त्व पुढं कळतंय. देवयानी अजून तशी वाटत न्हाई. कचाचा भाग भारी.

विश्रामबागची_वाचक

प्रकाशदादा, रागावू नका, पण तुमच्या चार ओळींतल्या दोन पुढचं सांगतात. तुम्ही घटना एकही सांगितलेली नाही, तरीही. ‘महत्त्व पुढं कळतंय’ वाचलं की नवीन वाचक या प्रकरणात खूण शोधत बसतो. मग तो देवयानीला ऐकत नाही, पेरलेलं काय आहे ते हुडकतो. आणि ‘अजून तशी वाटत न्हाई’ मधल्या ‘अजून’ने तर ती पुढे कशी होणार हेच ठरवून टाकलं. आता तिचं प्रत्येक वाक्य त्या चष्म्यातून वाचलं जाणार.

संथ वाटलं हे तुमचं मत मात्र मला नेमकं हवंय. कुठे संथ वाटलं? तेवढंच लिहा ना.

विट्याचा_प्रकाश

बरं, परत लिहितो. हे प्रकरण मला संथ वाटलं. ती एकटीच मनात बोलत राहते तिथं समोर काहीच घडत न्हाई. मी तिथं पुस्तक खाली ठेवलं आणि दुसऱ्या रात्री उचललं. कचाचं नाव आलं की मात्र पानं भराभर गेली, कारण तिथं तिला दुसऱ्या माणसाशी भांडायचंय, नुसतं स्वतःशी न्हाई. संवाद असला की खांडेकर पळतात आणि मनोगत असलं की रेंगाळतात, असं मला वाटतंय. ययातीच्या भागातही तेच झालं होतं.

हॉस्टेल_खोली_वरची

प्रकाशदादा, हे वाचून मी माझी पानं परत चाळली. मलाही जिथे कंटाळा आला होता तिथे ती एकटीच होती. मला वाटलं होतं माझंच लक्ष नव्हतं.

तासगावची_पोस्टातली

मी वाचनालयाची प्रत आणली आहे. जुनी बांधणी, पुठ्ठा सुटलेला, आणि प्रत्येक पानाला आधीच्या वाचकांची पेन्सिल. देवयानीच्या या प्रकरणात एका परिच्छेदाला दोन आडव्या रेघा आहेत आणि समासात बारीक अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलंय की ही बाई पुढे काय करणार. उद्गारचिन्हासकट. त्याखाली दुसऱ्याच अक्षरात त्या पहिल्याला उत्तर दिलंय. मला खूप वाईट वाटलं. मी मऊ खोडरबर घेऊन बसले आणि समास न बघता, तळहाताने झाकत झाकत, माझ्या पुढच्या पन्नासेक पानांचं लिखाण पुसलं. काही तरी दिसायचं ते दिसलंच. शाईने लिहिलेलं मात्र जात नाही. तिथे कागदाची पट्टी कापून नुसती धरते आणि वाचते.

प्रकरणाबद्दल म्हणाल तर मी ताईंच्या विरुद्ध आहे. माझी सख्खी आत्या अशी होती. ती चिडली की साधं बोलायचीच नाही, म्हणी आणि टोमणे नटवून नटवून मारायची. राग सजवल्याने धार जाते हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं. देवयानी लहानपणापासून विद्वानाच्या आश्रमात वाढली आहे. ती अलंकारिक बोलली तर मला ते खरं वाटतं.

मिरजेचे_निवृत्त_सर

पोस्टातल्या ताईंचा मुद्दा चांगला आहे. पण त्याने माझी शंका पूर्ण फिटत नाही. देवयानी अलंकारिक बोलते ते ऋषिकन्या म्हणून, असं मानू. मग ययाति तो क्षत्रिय, शिकार-युद्धात वाढलेला. त्याची भाषा निराळी का नाही? दोघांनाही त्याच प्रकारच्या उपमा सुचतात. खांडेकरांच्या भाषेवर हा आक्षेप जुना आहे, आणि ती भाषा ज्यांना प्रिय आहे त्यांना तो कधीच पटत नाही. मी पंचवीस वर्षं मुलांना खांडेकर शिकवले. वर्गात निम्मी मुलं ती वाक्यं वहीत उतरवून घ्यायची आणि निम्मी म्हणायची, सर, इतकं गोड कोण बोलतं? दोन्ही मुलं मन लावून वाचणारी होती.

मला स्वतःला असं वाटतं की फरक शब्दांत शोधू नये, तर निवेदक काय गाळतो त्यात शोधावा. ययाति आपल्या चुका सांगताना थांबतो, त्यावर बोलतो. देवयानी या प्रकरणात स्वतःला कुठे प्रश्न विचारते का? रविवारी येताना सगळ्यांनी तेवढंच बघून या. प्रश्नचिन्हं कुणाबद्दल आहेत, तिच्याबद्दल की दुसऱ्यांबद्दल? ते मोजायला पुढचं काही माहीत असावं लागत नाही.

गावभागातले_अण्णा

सर, हे चांगलं सांगितलंत. मी आत्ताच पाच-सहा पानं त्या नजरेने पाहिली. बोलत काही नाही, रविवारी सांगतो.

पण माझ्या मनात आणखी एक आहे. आम्ही ज्यांनी आधी वाचलंय त्यांनी प्रामाणिक मत द्यायचं म्हणजे कुठलं? पहिल्यांदा वाचताना मला देवयानी आवडली नव्हती. आता सत्तरीत ती मला कळते, आणि ती कळते ते पुढचं ठाऊक असल्यामुळे. आता मी या एका प्रकरणापुरतं मत लिहायचं तर पुढचं विसरल्याचं सोंग करू का? तेही खरं नव्हे.

विश्रामबागची_वाचक

अण्णा, हा प्रश्न मलाही लिहिताना पडला होता. मी मार्ग काढला तो असा: मत या प्रकरणाच्या पानांवरून सिद्ध करता आलं तरच इथे लिहायचं. पुढच्या पानांचा आधार लागत असेल तर ते मत कितीही खरं असो, ते त्या वेळच्या धाग्यासाठी ठेवायचं. भाषेबद्दलचा माझा आक्षेप या पानांवर दाखवता येतो म्हणून लिहिला. देवयानी चांगली की वाईट यावर मी एक शब्द लिहिला नाही, कारण ते माझ्या डोक्यात जुन्या वाचनातून येतंय.

मिरजेचे_निवृत्त_सर

मला हे पूर्ण मान्य नाही. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याची नजर बदललेली असते. ती बदललेली नजर या पानांवरही पडते आणि तिथे नवं काही दिसतं. ते पानावरच असतं, फक्त पहिल्यांदा दिसलेलं नसतं. मग ते सांगायचं की नाही? पानावरून सिद्ध होतं म्हणून तुमच्या नियमात बसतं, पण नव्या वाचकाचं लक्ष नेमकं तिकडे वळवलं की त्याला वास लागतोच. माझ्या कसोटीतही हे नीट बसत नाही. असं वाक्य पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही लिहिता आलं असतं, पण लिहिलं नसतं.

हॉस्टेल_खोली_वरची

नव्या वाचकांच्या वतीने सांगू? आम्हाला ते रविवारनंतर सांगा. आधी आमचं आम्हाला चुकू दे. मी आत्ता देवयानीच्या बाजूने आहे आणि तसंच रविवारी मांडणार आहे. नंतर पटलं नाही तर बदलीन.

तासगावची_पोस्टातली

मलाही हेच हवंय. आणि सर, वाचनालयाच्या प्रतीतलं समासातलं लिखाण पुसणं योग्य का, यावरही तुमचं मत हवंय. आमच्याकडच्या एका काकांनी सांगितलं की जुन्या वाचकांच्या खुणा हा ठेवा असतो, पुसू नये.

विश्रामबागची_वाचक

ठरलं. रविवारी आमराईत सकाळी आठला, नेहमीच्या बाकांजवळ. बोलायचं फक्त देवयानीच्या पहिल्या निवेदनापर्यंत, सरांनी सांगितलेली प्रश्नचिन्हं मोजून यायचं. आधी पहिल्यांदा वाचणारे बोलतील, मग बाकीचे. नाट्यवेडी ताई, तुमच्यासाठी माझी जादा प्रत घेऊन येते, कोरी आहे, समासात कुणाचं काही नाही. प्रकाशदादांची रविवारी पाळी असेल तर त्यांनी संथ वाटलेल्या भागाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य इथे लिहून ठेवावं, आवृत्ती वेगळी असली तरी ते सगळ्यांना सापडेल.

विट्याचा_प्रकाश

पाळी बदलून घेतलीय. येतोय.